आईचं बीपी घरी १६२, दवाखान्यात १३८. कुठला आकडा धरायचा?

जायांची_माळ
नमस्कार मंडळी. आम्ही मार्दोळला राहतो. आई ६८ वर्षांची आहे, चार वर्षांपासून बीपीची एक गोळी सकाळी घेते. दिवाळीनंतर फोंड्याच्या एका फार्मसीतून दंडाला पट्टा बांधायचं मशीन आणलं. तेव्हापासून घरात शांतता नाही. घरी मोजलं की वरचा आकडा १५५ ते १६५ आणि खालचा ९० च्या वर. मागच्या गुरुवारी दवाखान्यात मात्र १३८/८२ आलं. मी नेहमी उलटं ऐकलंय, की डॉक्टरांसमोर घाबरून बीपी वाढतं आणि घरी उतरतं.

डॉक्टरांनी माझी वही पाहिली आणि म्हणाले, घरी खरंच इतकं असेल तर दुसरी गोळी लागेल, पण आधी आठवडाभर नीट मोजून, लिहून आणा. या "नीट" शब्दावर मी अडकले आहे. मशीन खराब आहे का? बदलून घेऊ का?

भाटकार_पेडणे
मशीन बदला आणि मनगटाचं घ्या. मी तीन वर्षं तेच वापरतो. बाही वर करायला नको, पट्ट्याची कटकट नको. आणखी एक, पहिलं रीडिंग नेहमी खोटं असतं. चार-पाच वेळा घ्यायचं आणि सगळ्यात कमी येईल ते लिहायचं, कारण माणूस शांत झाला की तेच खरं बीपी.

सोलकढी
ताई, आधी मीठ बघा. आमच्या सासूबाईंचं खारे बांगडे बंद केल्यावर उतरलं. लोणचं, पापड आणि बेकरीचा पाव, सगळ्यात मीठ असतं. सकाळी पोदेराकडून किती उंडे घेता?

जायांची_माळ
सोलकढीताई, मिठाचं आम्ही बघतोच. पण दवाखान्यातलं आणि घरचं रीडिंग एकाच दिवसाचं आहे, मीठ तेवढंच पोटात गेलेलं. मग २४ चा फरक कुठून येईल?

सिस्टर_डिचोली
मी ३१ वर्षं नर्सिंग केलं, त्यातली बरीच मेडिसिन वॉर्डात. मशीन बदलायच्या आधी चार गोष्टी सांगा. आई कुठे बसते? हात कुठे असतो? मोजताना घरात काय चाललेलं असतं? आणि शिंप्याच्या टेपने तिच्या दंडाचा घेर किती भरतो?

घेर मोजायची जागा महत्त्वाची. खांद्यावरचं टोकाचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मधोमध पेनाने खूण करा, हात सैल सोडायला सांगा आणि त्या खुणेवर टेप फिरवा. टेप टेकली पाहिजे, रुतता कामा नये. मग मशीनचा पट्टा उलटा करून बघा, त्याच्यावर सेंटिमीटरमध्ये दोन आकडे छापलेले असतात.

जायांची_माळ
सिस्टर, आताच मोजलं. घेर ३७ सेंटिमीटर. पट्ट्यावर २२–३२ लिहिलंय. हे मी आजवर पाहिलंच नव्हतं. पट्टा बसतो पण वेल्क्रो जेमतेम दोन बोटं चिकटतो, आणि हवा भरताना करकर वाजतो. एकदा सुटलाही होता.

आई सोप्यावर बसते, खालच्या बाकड्यावर, पाठीला टेकू नाही. हात मांडीवर. वेळ संध्याकाळची, मी कामावरून आले की. बाबा टीव्ही लावतात आणि आई मला दिवसभराचं सांगत असते.

सिस्टर_डिचोली
मशीन फार्मसीत परत नेऊ नका. तुमच्या एका परिच्छेदात चार कारणं आहेत.

सगळ्यात मोठं पट्ट्याचं. पट्ट्याच्या आत रबराचा फुगा असतो आणि तो दंडाला जवळजवळ वेढून यावा लागतो, निदान पाऊण भाग तरी. जाड दंडावर आखूड फुगा आला की दाब आतल्या रक्तवाहिनीपर्यंत नीट पोचत नाही, ती बंद व्हायला जास्त हवा भरावी लागते आणि मशीन ती जास्तीची हवा रक्तदाब म्हणून दाखवतं. जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी २०२३ मध्ये हे तपासलं होतं. ज्यांना मोठा पट्टा हवा त्यांना नेहमीचा बांधला तर वरचा आकडा सरासरी ५ ने जास्त आला, आणि ज्यांना त्याहूनही मोठा हवा त्यांचा जवळजवळ २० ने. सडपातळ दंडावर उलटं होतं, पट्टा मोठा पडला की आकडा थोडा कमी येतो. म्हणजे त्या माणसाचं वाढलेलं बीपी लपू शकतं.

दुसरं, हात. पट्टा हृदयाच्या उंचीवर पाहिजे, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या साधारण अर्ध्यावर. हात जितका खाली तितकं त्यात रक्ताच्या स्तंभाचं वजन मिळतं. दहा सेंटिमीटर खाली गेला तर सात-आठ पॉइंट वाढतात. मांडीवर ठेवलेला हात नेमका त्या चुकीत सापडतो. आणि आईने स्वतःच्या ताकदीने हात वर धरून ठेवला तर तेही चालणार नाही, स्नायू ताणले की आकडा चढतो. हाताखाली टेबल हवं.

पाठ टेकलेली नसणं आणि बोलणं ही उरलेली दोन. बोलण्याने दहा पॉइंट सहज वाढतात. तुम्ही आईला विचारता "काय गो, बरं वाटतंय?" आणि ती उत्तर देते, तेवढंही पुरे.

आधी फक्त बसणं सुधारा, पट्टा तोच ठेवा, आणि काय येतं सांगा. मग पट्टा बदला. दोन्ही एकदम बदलू नका, कशाने किती फरक पडला ते कळायला हवं.

फार्मसीवाला_म्हापसा
सिस्टरांचं बरोबर. काउंटरवरून एक सांगतो. बहुतेक पेट्यांत मधल्या मापाचा पट्टा येतो. मोठा ३२–४२ चा वेगळा मिळतो, किंवा एकच २२–४२ चा. पण तो त्याच कंपनीचा आणि तुमच्या मॉडेलला चालणारा पाहिजे. नळीचं टोक बसतंय म्हणून दुसऱ्या कंपनीचा जोडू नका. पट्टा आणि मशीन यांचं गणित एकत्र जुळवलेलं असतं. मॉडेल नंबर मशीनच्या पाठीवर, बॅटरीच्या झाकणाजवळ असतो, त्याचा फोटो घेऊन जा. गिऱ्हाईक "बीपीचं मशीन द्या" एवढंच म्हणतं, दंड कोणी मोजून येत नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही विचारत नाही. या धाग्यानंतर मी काउंटरवर टेप ठेवणार आहे.

भाटकार, मनगटाचं मशीन मी विकतो, पण हात बरोबर हृदयाच्या उंचीवर धरला नाही तर ते भरकटतं. ज्यांना दंडाचा पट्टा बसतच नाही त्यांच्यासाठी ते ठेवलंय.

भाटकार_पेडणे
माझं तर रोज १२४–१२६ येतं. भरकटत असतं तर रोज तोच आकडा कसा आला असता?

सिस्टर_डिचोली
काका, रोज सारखं येणं आणि बरोबर येणं वेगळं. भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं मागे असेल तर ते रोज दहा मिनिटंच मागे असतं. तुमचं मशीन घेऊन दवाखान्यात जा, त्यांच्याकडे दंडावर मोजून घ्या आणि लगेच तिथेच तुमचं लावा, दोन-तीनदा अदलून बदलून. जुळलं तर आनंदच आहे.

सगळ्यात कमी आकडा निवडायची सवय मात्र सोडा. पहिलं रीडिंग बहुतेक वेळा थोडं जास्त येतं हे तुमचं खरं. पण म्हणून मनासारखं येईपर्यंत मोजत राहिलात तर डॉक्टरांच्या हाती फक्त तुमचे चांगले क्षण पडतात. दोन घ्या, मध्ये एक मिनिट, दोन्ही लिहा.

वाळपईचो_पूत
मी यात पडतो कारण आमच्या घरी हे घडलंय. गेल्या पावसाळ्यात बाबांचे घरचे आकडे असेच १६० च्या आसपास यायचे. मी फोटो काढून दाखवत राहिलो, त्यावरून गोळीचा डोस वाढला. पंधरा दिवसांनी बाबा पहाटे उठून न्हाणीघराकडे निघाले आणि उंबऱ्यात कोसळले. कपाळाला चार टाके. इस्पितळात दंडावर मोठा पट्टा लावला तर झोपून १२६, उभं केल्यावर एका मिनिटात ९८. डोस परत खाली आला. डॉक्टरांना मी दोष देत नाही, त्यांना आकडे मीच आणून दिले होते. मोजायचा पट्टा लहान आहे हे कुणालाच सुचलं नाही. म्हणून ताई, दुसरी गोळी सुरू व्हायच्या आधी तुम्ही इथे विचारलंत ते फार बरं केलंत.

सिस्टर_डिचोली
वाळपईकर, बाबा आता बरे आहेत ना? वयस्कर माणसाच्या बाबतीत, आणि मधुमेह असेल तर जास्तच, डॉक्टरांना सांगून आठवड्यात एखाद्या दिवशी उभ्यानेही मोजावं. बसून मोजल्यावर उभं राहायचं, एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते वहीत वेगळं लिहायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. जवळ कोणीतरी उभं हवं.

वाळपईचो_पूत
बरे आहेत, काजूच्या बागेत जातात परत. उभ्याने मोजायचं आम्हाला इस्पितळातच शिकवलं.

जायांची_माळ
पहिली बातमी. आईला जेवणाच्या टेबलाजवळ पाठीच्या खुर्चीवर बसवलं, पाय जमिनीवर. तिची उंची कमी, टाचा लोंबकळत होत्या, म्हणून खाली पाट ठेवला. टेबलही थोडं खाली पडत होतं, दंडाखाली उशी घातली तेव्हा पट्टा छातीच्या मध्याशी आला. ब्लाउजची बाही वर गुंडाळली तर ती दंडाला करकचून बसत होती, म्हणून आता सैल बाहीचा गाऊन घालायला सांगितलं. टीव्ही बंद. पाच मिनिटं नुसती बसवली. ही पाच मिनिटं तिला सगळ्यात अवघड गेली, दोनदा गॅस बघायला उठायला निघाली.

जुन्याच पट्ट्याने: १५०/८८, १४८/८६.

म्हणजे नुसतं बसणं सुधारून १६२ वरून इथे.

सोलकढी
बाई गं! आणि मी मिठाचं सांगत बसले. आमच्या सासूबाई पाय एकावर एक टाकून बसतात मोजताना, ते चालतं का?

सिस्टर_डिचोली
नाही चालत. तिढा घातलेल्या पायांनीही वरचा आकडा काही पॉइंटने चढतो. आणि लघवी तुंबवून बसू देऊ नका, त्याने दहाच्या आसपास फरक पडतो. मिठाचं तुमचं चुकीचं नाही हो, फक्त तो प्रश्न नंतरचा.

जायांची_माळ
पट्टा मिळाला, त्याच कंपनीचा ३२–४२. सिस्टर, तुम्ही म्हणालात तसं एका बैठकीत आलटून पालटून घेतलं, प्रत्येक वेळी एक मिनिट थांबून.

जुना १५०/८६
नवा १३८/८०
जुना १४८/८६
नवा १३८/८०

अकरा पॉइंट फक्त पट्ट्याचे. आणि करकर बंद.

एक अडचण आहे. आईचा दंड वर जाड, कोपराजवळ निमुळता. पट्टा वरच्या कडेला घट्ट आणि खालच्या कडेला सैल बसतो, फुगला की कोपराकडे घसरतो.

सिस्टर_डिचोली
अशा दंडावर पट्टा थोडा तिरका गुंडाळावा लागतो, खालची कड जास्त आवळून, म्हणजे दोन्ही कडा टेकतात. खालची कड कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर, नळी हाताच्या आतल्या बाजूने तळव्याकडे. बांधल्यावर वरून आणि खालून एक-दोन बोटं जातील इतपत. तरीही घसरला तर ते रीडिंग धरू नका. काही जणांना तिरका बांधूनही बसत नाही, त्यांच्यासाठी काही कंपन्या शंकूच्या आकाराचे पट्टे काढतात. ते इथे कुठे मिळतील, म्हापसेकर सांगतील.

फार्मसीवाला_म्हापसा
मागवावे लागतात. माझ्याकडे नसतात.

भाटकार_पेडणे
कुठल्या हाताला बांधायचं? मला डावा सांगितलाय, हृदय तिकडे आहे म्हणून.

सिस्टर_डिचोली
पहिल्यांदा दोन्ही हातांना मोजा. पाच-सात पॉइंटचा फरक बहुतेकांना असतो. दहाच्या वर सतत राहिला तर जास्त येतो तो हात कायमचा धरा, आणि पंधराच्या वर असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. हृदय डावीकडे आहे याच्याशी संबंध नाही. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील किंवा डायलिसिससाठी हातात जोड केलेला असेल, तर त्या हाताला पट्टा बांधायचा नाही.

आता जायांची माळ, आठवड्याचं सांगते. सकाळी उठल्यावर तासाभरात, लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळीच्या आधी. संध्याकाळी जेवणाच्या आधी. दोन्ही वेळा दोन-दोन रीडिंग. सात दिवस. मोजायच्या आधी अर्धा तास चहा नाही, चढउतार नाही. गोळीच्या आधी का, तर चोवीस तासांपूर्वी घेतलेली गोळी शेवटपर्यंत पुरते का, ते त्याच वेळी दिसतं. पहिल्या दिवसाचे आकडे लिहा, पण सरासरीत धरू नका. वहीत तारीख, वेळ, दोन्ही आकडे, नाडी आणि एक मोकळा रकाना, वेगळं काही घडलं असेल तर.

मशीनमधल्या मेमरीवर राहू नका. तुमच्या बाबांनी गंमत म्हणून मोजलं तर तेही आईच्या यादीत जाऊन बसतं.

जायांची_माळ
गेलंय! ११८/७० कुठून आलं ते आज कळलं.

वाळपईचो_पूत
एक विचारतो. बाबांच्या मशीनवर कधी कधी हृदयाचं चित्र लुकलुकतं. ते कशाचं?

सिस्टर_डिचोली
नाडीची लय अनियमित वाटली की मशीन ते दाखवतं. हात हलला तरी दाखवतं. शांत बसून पुन्हा तीन वेळा घ्या. परत परत दिसलं तर वहीत लिहा आणि ईसीजीसाठी डॉक्टरांकडे जा. लय खरोखर अनियमित असेल तर ही मशिनं मागेपुढे दाखवतात, एका रीडिंगवर अजिबात जायचं नाही.

आणि सगळ्यांसाठी, हे वाचून कोणी घाबरू नये म्हणून. अचानक १८०/१२० किंवा वर आलं आणि माणसाला काहीच त्रास नसेल, तर पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा घ्या, तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. पण सोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं, बोबडी वळणं यातलं काही असेल तर दुसरं रीडिंग घेत बसू नका, १०८ लावा.

जायांची_माळ
आठ दिवसांनी लिहितेय. पहिला दिवस सोडून बाकीचे इथे देते, प्रत्येक वेळच्या दोन रीडिंगची सरासरी काढून.

दिवस २: सकाळ १३४/७८, संध्याकाळ १२८/७४
दिवस ३: १३६/८०, १३०/७६
दिवस ४: १३२/७८, १२६/७४
दिवस ५: १३८/८०, १४४/८४
दिवस ६: १३४/७८, १२८/७६
दिवस ७: १३६/८०, १३०/७४

पाचव्या दिवशी संध्याकाळी आई देवळातून चालत आली आणि मावशी आलेली असल्यामुळे पाच मिनिटं धड बसली नाही. आकडा खोडला नाही, पुढे तेवढं लिहिलं.

सगळ्याची सरासरी १३३/७८. सकाळची वेगळी काढली तर १३५/७९, संध्याकाळची १३१/७६.

भाटकार_पेडणे
मग झालं की! १४० च्या खाली आहे.

सिस्टर_डिचोली
काका, १४०/९० ही दवाखान्यातली रेषा. घरच्या सरासरीसाठी १३५/८५ धरतात. आईची एकूण सरासरी त्या खाली आहे, पण सकाळची बरोबर रेषेवर. दुसरी गोळी लागेल असं या वहीत मला दिसत नाही. पण सकाळचा आकडा गोळी पुरत नसल्यामुळे वर आहे का, आणि आईसाठी १३० चं ध्येय ठेवायचं का, हे तिची किडनी, साखर, चक्कर सगळं बघून डॉक्टरच ठरवतील. वहीसोबत मशीन आणि दोन्ही पट्टे घेऊन जा.

जायांची_माळ
आज जाऊन आलो. डॉक्टरांनी आधी माझा नवा पट्टा बांधून त्यांच्या मशीनशी ताडून पाहिला, १३६ आणि १३४. मग वही वाचली, पाचव्या दिवसापाशी थांबून आईला विचारलं, "मावशी कोण?" दुसरी गोळी दिली नाही. आहे तीच रात्री घ्यावी का असं मी विचारलं, तर म्हणाले, तूर्त वेळ बदलू नका, महिन्याने आणखी एक आठवडा असाच लिहून आणा, मग बघू. रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या.

जुना पट्टा बाबांना बसतो, त्यांचा दंड २९ भरला. त्यांच्यासाठी वेगळी वही केली आहे, आईच्या वहीवर लाल दोरा बांधला म्हणजे गल्लत नको.

सोलकढी
सासूबाईंचा दंड मोजला, २१ सेंटिमीटर! आमचा पट्टा २२–३२ चा. म्हणजे खाऱ्या बांगड्यांनी उतरलं की पट्ट्याने, आता मला सांगता येत नाही. म्हापसेकर, लहान पट्टा आहे का?

फार्मसीवाला_म्हापसा
एक आहे. मॉडेल नंबरचा फोटो पाठवा, मग बाजूला ठेवतो.